कातर हातात असताना

गुरुवार, रात्री साडेदहा

आज खोलीच्या कडीला लाल पट्टी बांधून बरोबर महिना झाला. अस्तराच्या उरलेल्या कापडाची, वीतभर लांबीची साधी पट्टी आहे. पण तिच्याआधीचे दोन महिने कसे गेले ते विसरायच्या आत लिहून ठेवावंसं वाटतंय.

मी लग्नाआधीपासून ब्लाउज शिवते. कराडला सासरी आल्यावर मशीन चार वर्षं माळ्यावरच होतं. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा ते खाली काढलं, मोटर बसवली आणि शेजारच्या दोघींचे ब्लाउज शिवले. पुढे गिऱ्हाईक वाढत गेलं आणि घरातली कुरबूरही. आई (सासूबाई) म्हणायच्या, "आपल्या घरात सुनेनं चार पैशांसाठी लोकांची मापं घेत बसायची काय गरज?" सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं म्हणणं, लाईट बिल दुकानाच्या दराने येईल. हे काहीच बोलायचे नाहीत, आणि त्या गप्प बसण्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

मी चूक केली ती अशी, की सगळ्यांना पैशांनी उत्तर द्यायला गेले. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई साडेचारशे, त्यातून अस्तर, दोरा, हुक यांचे नव्वदेक रुपये गेले की साडेतीनशेच्या वर हातात उरतात, असा हिशेब वहीत मांडून एका रात्री ह्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "मी कमी पडतो का कुठे?" मी आकडे दाखवत होते आणि त्यांना ते स्वतःवरचं बोट वाटत होतं. त्यानंतर घरात पैशांचा विषय मी पुन्हा आधी काढला नाही. मिळकत लपवली नाही, विचारलं तर सांगितली, पण वादात मध्ये आणली नाही.

मग खणाच्या ब्लाउजचा प्रकार झाला. गुळेदगुड्डचा हिरवा खण होता, मुलीच्या साखरपुड्यासाठी एका बाईंनी दिलेला. खणाचे काठ बाह्यांना घ्यायचे असतात, म्हणून दोन्ही बाह्या दुहेरी घडीवर एकदम कापता येत नाहीत, एकेक करून कापाव्या लागतात. बाहीच्या मुंढ्याला पुढच्या बाजूला खोलगट आकार जास्त द्यायचा असतो. त्यामुळे पहिली बाही कापली की कागदी साचा उलटा करून दुसरी कापायची. पहिली कापून झाली आणि हॉलमधून हाक आली, पाहुणे आलेत, चहा टाक. चहा टाकला, कप विसळले, मुलाच्या व्हॅनवाल्याचा फोन घेतला, परत येऊन बसले आणि साचा न उलटता कापून मोकळी झाले. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या! जोड द्यायला काखेपुरतंही कापड उरलं नव्हतं. बाजारात तीन दुकानं पालथी घातल्यावर त्याच हिरव्याचा खण मिळाला. त्याचे तीनशे ऐंशी रुपये मी भरले, त्या बाईंना खरं काय ते सांगितलं आणि शिलाई घेतली नाही.

त्या रात्री मला चहाचा राग आला होता, आईंचा आला होता, पाहुण्यांचा तर आलाच होता. पण झोप लागेना तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी मशीनवर असताना दिवसातून दहा वेळा उठते आणि त्यात काही बिघडत नाही. शिवण टोकाला न्यायची, मशीनचा पाय उचलायचा, उठायचं. परत आल्यावर कापड तिथंच असतं. हुक लावताना, हातशिलाई घालताना तर मी आईंशी गप्पाही मारते. उठता येत नाही ते फक्त कापताना, कारण एकदा कातर फिरली की मागे येत नाही. एका ब्लाउजला आखणी धरून तीस-चाळीस मिनिटं. घरच्यांना मात्र कातर, मशीन, सुई हे सगळं एकच दिसतं, "ती शिवत बसलीय". त्यांना फरक कळणार कसा? मी कधी सांगितलाच नव्हता. मी नुसतं म्हणायचे, "मला मध्ये उठवू नका." घरातल्या बाईने दिवसभर उठायचं नाही, असाच त्याचा अर्थ होत होता, आणि तो कुणालाच मान्य होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आठवडाभर लिहून काढलं. कोण, कधी, कशासाठी हाक मारतं. एकूण सत्तेचाळीस हाका निघाल्या. त्यातल्या एकोणीस दारावर आलेल्या माणसांसाठी होत्या, आणि त्यात अकरा तर माझीच गिऱ्हाइकं, वेळ न ठरवता आलेली. हे मला अपेक्षित नव्हतं. घरच्यांवर मी चिडत होते, पण दार सगळ्यात जास्त वाजत होतं ते माझ्यामुळे.

शनिवारी दुपारी आई मेथी निवडत होत्या, मी शेजारी जाऊन बसले. घरात आम्ही दोघीच होतो. हे मी मुद्दाम पाहिलं होतं, कारण अण्णांसमोर किंवा नणंदेसमोर बोलले असते तर त्यांना आपलं म्हणणं सोडता आलं नसतं. मी विचारलं, "आई, माझ्या शिवण्यातला नेमका कशाचा त्रास होतो तुम्हाला?"

थोडा वेळ त्या देठंच खुडत राहिल्या. मग बोलल्या. अण्णा जेवून हॉलमध्ये आडवे होतात आणि परक्या बायका त्यांच्या समोरून ये-जा करतात, त्यांना उठून बसावं लागतं. परवा नातवाच्या पायाखाली टाचणी आली होती, ती त्यांनी काढली, मला सांगितलंही नव्हतं. आणि गल्लीतल्या एकीने त्यांना विचारलं होतं, "लेकाची नोकरी गेली का हो?"

पहिल्या दोन गोष्टी त्यांनी आधी कधीच बोलून दाखवल्या नव्हत्या. मला वाटत होतं त्यांचा विरोध माझ्या कमाईला आहे. बराचसा विरोध दुपारच्या दाराला आणि टाचणीला होता. तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं मी त्यांना सांगितलंही.

जागेचा प्रश्न त्यातूनच सुटला. स्वयंपाकघराच्या मागे धान्याच्या कोठ्या ठेवायची आठ बाय सहाची खोली आहे आणि तिला बोळाकडून स्वतंत्र दार आहे. गिऱ्हाईक तिथून आलं तर हॉलमध्ये पाऊल टाकायचं कारण नाही. मी ती खोली मागितली. एक भिंत आईंच्या लोणच्याच्या बरण्यांची होती, ती तशीच राहील म्हटलं, फक्त बरणी साडेदहाच्या आधी काढायची. दोन कोठ्या जिन्याखाली हलवल्या. कापायला चार बाय अडीचची फळी घोड्यांवर टाकली, कमरेच्या उंचीला, कारण जमिनीवर वाकून कापून माझी पाठ गेली होती. मशीन असं मांडलं की खिडकी डाव्या हाताला येते. उजव्या हाताची सावली सुईवर पडत नाही. मशीनखाली जुनं रबरी पायपुसणं, त्याने फरशीतून जाणारी घरघर पुष्कळ कमी झाली. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलंय, उठताना रोज फरशीवरून फिरवते. टाचणी खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही हा माझा शब्द आहे.

वेळा आम्ही दोघींनी मिळून ठरवल्या. पोळ्या-भाजी उरकून साडेदहा ते पावणेएक कापणं आणि मशीन. मग जेवणं. अण्णा झोपतात तेव्हा अडीच ते चार फक्त हातकाम, मशीन बंद. चार वाजता चहा मी करते, तो आधीही मीच करायचे. गिऱ्हाईक साडेचार ते सहा, फोन करून, बोळाच्या दाराने. दिवेलागणीनंतर सुई धरायची नाही, ही आईंची अट. त्यांच्या माहेरी तसं पाळायचे. मला ती आवडली, मुलाचा अभ्यास त्याच वेळेला असतो. आणि माझी अट एकच, कडीला लाल पट्टी असली की मी कापतेय, तेवढी चाळीस मिनिटं हाक नको. पडलं-झडलं, दुखलं-खुपलं तर दार वाजवायचं. पाहुणे आले तर चहा आई टाकतील. हे त्यांनी स्वतःहून म्हटलं. सगळं एका महिन्याच्या बोलीवर, नाही जमलं तर पुन्हा बोलायचं.

लाईट बिलाचं मी वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारून आले. तिथे सांगितलं, स्वतःच्या राहत्या घरात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला 300 युनिटच्या आत असेल तर दर घरगुतीच. आमचं सगळं मिळून सव्वाशेच्या पुढे जात नाही. माझी मोटर शंभर वॅटची, रोज दोन तास म्हणजे महिन्याला पाच-सहा युनिट. इस्त्रीच जास्त खाते. अण्णांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि पेपर उघडला.

महिनाभरात पट्टी सहा वेळा मोडली. दोनदा मुलाने, तीनदा आईंनी, सवयीने. त्या हाक मारून स्वतःच जीभ चावायच्या. सहाव्यांदा मी स्वतः मोडली. बहिणीचा फोन आला आणि कातर खाली ठेवून अर्धा तास बोलत बसले. वेळ मागून घेतला की आपणही तो पाळावा लागतो, आणि मला ते अजून नीट जमत नाही. या वेळांत आठवड्याला सात ब्लाउज होतात, आठवा नाही. तुळशीचं लग्न झाल्यापासून लगीनसराईचे चौदा समोर आलेत. निम्म्या जणींना पुढची तारीख दिली. त्यातल्या दोघी कापड घेऊन परत गेल्या, वाईट वाटलं. रात्री जागून करता आले असते, पण मग दिवेलागणीची बोली पहिल्या महिन्यातच मोडली असती, आणि पुढच्या वेळी माझं कुणी का ऐकावं?

ह्यांनी काल विचारलं, रविवारी खोली बंद ठेवशील का? मी हो म्हटलं, पण त्या बदल्यात शनिवारी मुलाला क्लासला सोडायचं-आणायचं त्यांच्याकडे. ते मान्य झालं.

अण्णांचं अजून तसंच आहे. संध्याकाळी त्यांचे मित्र येतात. काल कुणीतरी विचारलं, सूनबाई शिवतात वाटतं? अण्णा म्हणाले, "छे, वेळ जावा म्हणून." मी आत पाणी भरत होते. आठवड्याचे सात ब्लाउज वेळ जावा म्हणून शिवत नाहीत. घशाशी आलं होतं, गिळलं. आईंशी बोलायला मला मेथीची जुडी आणि रिकामं घर मिळालं होतं. अण्णांशी बोलायची अशी वेळ कोणती ते मला अजून सापडलेलं नाही. सकाळी ते कृष्णेच्या घाटावर फिरायला जातात, कदाचित एखाद्या दिवशी बरोबर जाईन.

उद्या दोन पैठणीचे ब्लाउज कापायचेत, काठ जुळवायचे म्हणजे दीड तास तरी पट्टी लागेल. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त आहे, तेव्हा सकाळीच आईंना सांगून ठेवायला हवं.