इंदूरहून फ्रँकफुर्ट : नातीच्या जन्मनोंदणीची वर्षभराची वाट

माझी लेक आणि जावई २०२२ पासून जर्मनीत, कोलोनजवळच्या एका लहान शहरात राहतात. पहिल्या बाळंतपणासाठी मी २०२५ च्या जानेवारीत इंदूरहून मुंबईमार्गे फ्रँकफुर्टला पोहोचले, तेव्हा माझ्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि लेकीच्या दोन जुन्या कागदांच्या मूळ प्रती होत्या. त्या कागदांपायी पुढचे दहा महिने जातील, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. आमच्या लोकमान्यनगरातल्या ओळखीच्या तीन घरांत सध्या अशीच तयारी चालू आहे, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण आमची सगळी धावपळ त्याच्या एका वाक्यामुळे झाली. भारताबाहेर जन्मलेले मूल, आईवडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक असला तरी, आपोआप भारतीय ठरत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे, ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचा जन्म त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जन्मापासून एक वर्षाच्या आत नोंदवावा लागतो, आणि मुलाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटून गेले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मग उशिराची कारणे लिहून द्यायची आणि दिल्लीच्या उत्तराची वाट पाहायची.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला तिथले नागरिकत्व जन्मतःच मिळते, त्यामुळे तिथली बहुतेक कुटुंबे तो पासपोर्ट काढून पुढे ओसीआयच्या, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाच्या, मार्गाने जातात आणि त्यांना ही नोंदणी करावी लागत नाही. जर्मनीत तसे नाही. आईवडिलांपैकी एक जण किमान पाच वर्षे कायदेशीरपणे तिथे राहत असेल आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल, तरच तिथे जन्मलेले मूल जर्मन ठरते. लेकीला आणि जावयांना तिथे जेमतेम तीन वर्षे होत होती. म्हणजे माझ्या नातीला जर्मन पासपोर्ट मिळणार नव्हता, आणि भारतीय नोंदणी झाल्याशिवाय भारतीयही मिळणार नव्हता. पासपोर्ट नसलेले मूल सीमा ओलांडू शकत नाही, म्हणून इंदूरला घरच्या देवासमोर बारसे करण्याचा बेत तिथेच थांबला.

ईराचा जन्म फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. जर्मनीत जन्माची खबर एका आठवड्याच्या आत श्टांडेसआम्टला, म्हणजे तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयाला, द्यावी लागते आणि प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर रुग्णालयच ती देते. त्या कार्यालयाने आईवडिलांचे पासपोर्ट, दोघांचे जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला मागितला, तोही शपथबद्ध अनुवादकाकडून केलेल्या जर्मन अनुवादासह.

पहिली खरी अडचण इथे आली. इंदूरमध्ये आम्हाला सगळ्यांनी सांगितले होते की भोपाळहून आणि मग परराष्ट्र मंत्रालयातून अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा, शिक्का मारून आणा, म्हणजे काम झाले. आम्ही तो शिक्का मारून नेलाही होता. पण भारताच्या अपोस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे भारतीय कागदावरच्या त्या शिक्क्याला तिथे अर्थ नसतो. त्याऐवजी नोंदणी कार्यालय ते कागद भारतातल्या जर्मन दूतावासाकडे पडताळणीसाठी पाठवू शकते. दूतावास एका वकिलामार्फत मूळ नोंदवही तपासून घेतो, शेजारीपाजारी आणि नातेवाईक यांच्याकडे चौकशी करतो, आणि या सगळ्याचा खर्च कुटुंबाने आगाऊ भरायचा असतो. आमच्या बाबतीत कार्यालयाने हाच मार्ग धरला.

पडताळणी होईपर्यंत जन्माचा नेहमीचा दाखला, म्हणजे गेबुर्ट्सउर्कुंडे, मिळत नाही. त्याऐवजी जन्मनोंदवहीतला प्रमाणित उतारा मिळतो आणि त्यावर आईवडिलांची ओळख पुरेशी सिद्ध झालेली नाही अशा अर्थाचा शेरा असतो. तो वाचून लेक फार खचली. आपल्याच मुलीच्या कागदावर आपल्याविषयी असे लिहिलेले कोणत्या आईला सोसेल? त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की कागद अजून तपासायचे आहेत. उतारा कायद्याने खरा दस्तऐवजच असतो आणि स्थानिक कामांना चालतो. जन्मापासून सहा महिन्यांच्या आत बाळाच्या वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, तो जावयांनी याच उताऱ्यावर एप्रिलमध्ये केला. भारतीय नोंदणीसाठी मात्र आम्ही वाणिज्य दूतावासाला आधी ईमेलने विचारले, तेव्हा अंतिम दाखला घेऊन या असे लेखी उत्तर आले. ते उत्तर हातात असल्यामुळे एक निष्फळ फेरी वाचली. तुमच्या हाती असा उतारा आला, तर प्रथम हाच प्रश्न विचारून घ्यावा.

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० च दिवस राहता येत असल्यामुळे मी एप्रिलच्या मध्यात इंदूरला परतले आणि पुढचे काम माझ्या बाजूने सुरू झाले. लेकीकडून प्रश्नावली भरून घेतली होती : बालपणीचे पत्ते, शाळांची नावे, शेजाऱ्यांची नावे, भावंडे. जूनमध्ये एक गृहस्थ चौकशीला आले. त्यांनी मला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आणि लग्नाला हजर असलेल्या माझ्या दिरांना वेगवेगळे प्रश्न विचारले. लग्नाची तारीख आणि कार्यालयाचे नाव तिघांनीही सारखे सांगितले, म्हणून ते काम एका दुपारी संपले. घरात कुणी वयस्कर असेल तर अशी चौकशी होणार आहे हे त्यांना आधी सांगून ठेवावे. अनोळखी माणूस सुनेविषयी विचारतो आहे म्हणून दार लावून घेतलेली उदाहरणे मी ऐकली आहेत.

खरा वेळ खाल्ला तो एका अक्षराने. लेकीच्या १९९४ च्या जन्मदाखल्यावर आईच्या नावाच्या रकान्यात माझे नाव ‘सौ. सुलभा’ असे लिहिलेले होते. आपल्याकडे सुवासिनीच्या नावाआधी ‘सौ.’ लिहिण्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. जर्मन अनुवादात मात्र ते माझ्या नावाचा भाग म्हणून उतरले, आणि माझ्या पासपोर्टवर तर नुसते ‘सुलभा’ होते. दाखला हिंदीत असल्यामुळे अनुवादकाने देवनागरीचे रोमन रूपांतर ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने, दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा देऊन केले होते, म्हणून तेच नाव पासपोर्टवरील स्पेलिंगपेक्षा आणखी वेगळे दिसू लागले. एक व्यक्ती कागदोपत्री दोन झाली. शेवटी अनुवादकाने ‘सौ.’ हा विवाहित स्त्रीसाठी वापरला जाणारा आदरार्थी शब्द आहे अशी टीप जोडून अनुवाद पुन्हा शिक्का मारून दिला, आणि त्यासोबत माझ्या पासपोर्टची प्रत लावल्यावर प्रश्न मिटला. यात सात आठवडे गेले. म्हणून माझा आग्रह आहे की जर्मनीला निघण्याआधीच आईवडिलांचे जन्मदाखले काढून पाहावेत. त्यावर ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘कु.’ असे काही चिकटलेले असेल किंवा दाखला फक्त देवनागरीत असेल, तर इंग्रजी अक्षरांतही नावे असलेला नवा दाखला इंदूरमध्येच मागून घ्यावा आणि त्यातील स्पेलिंग पासपोर्टशी एकेक अक्षर ताडून पाहावे.

बाळाच्या नावाबाबतही असाच विचार आधी करावा लागतो. आपल्या रीतीप्रमाणे व्याह्यांना ‘ईरा समीर’ आणि मग आडनाव असे हवे होते. जर्मन नोंदवहीत मधले नाव म्हणून वेगळा रकाना नसतो. वडिलांचे नाव घातले तर ते बाळाचे दुसरे नाव ठरते आणि भारतीय पासपोर्टवरही तसेच उतरते. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव स्वतंत्र छापलेले असतेच, म्हणून मी व्याह्यांशी बोलून नुसते ‘ईरा’ आणि आडनाव ठेवण्याच्या बाजूने मत दिले आणि ते त्यांनी मान्य केले. कोणताही पर्याय चुकीचा नाही, पण जो ठरेल तो नोंदणी कार्यालयात पहिल्याच दिवशी सांगावा. भारतीय नोंदणी त्या दाखल्यावरून होते आणि नंतर दोन कागदांवर दोन नावे राहिली तर ती निस्तरायला फार वेळ लागतो.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेरा नसलेला दाखला हाती आला. आम्ही त्याची बहुभाषिक आंतरराष्ट्रीय प्रत मागितली होती. तिच्यात इंग्रजी असते, त्यामुळे वेगळा अनुवाद लागला नाही. त्याच रात्री लेकीने indiancitizenshiponline.nic.in या संकेतस्थळावर जन्मनोंदणीचा अर्ज भरला आणि पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ईराच्या पासपोर्टचा. हे दोन वेगळे अर्ज आहेत. पहिल्याने नागरिकत्वाची नोंद होते आणि दुसऱ्याने पासपोर्ट मिळतो. पहिला सोडून दुसराच भरला तर काम पुढे जात नाही. फोटोसाठी बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून फोटो काढला, आणि डोळे उघडे असलेला एक मिळेपर्यंत सकाळ गेली. सहीच्या चौकटीत बाळाच्या अंगठ्याचा ठसा लागतो, मुलीचा उजव्या हाताचा आणि मुलाचा डाव्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी पुन्हा तिथे गेले आणि भेटीची वेळ ठरल्याप्रमाणे आम्ही चौघे फ्रँकफुर्टला निघालो. राहत्या राज्याप्रमाणे भारतीय कार्यालय ठरते. कोलोन ज्या राज्यात आहे तिथल्या लोकांसाठी ते फ्रँकफुर्ट आहे. कोलोनहून वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो. बाळ सोबत असल्यामुळे आम्ही एक गाडी आधीची घेतली आणि ते बरे झाले, कारण नंतरची गाडी रद्द झाल्याचे फलकावर दिसले.

खिडकीवर दोघांचे पासपोर्ट, जन्मदाखल्याची मूळ प्रत, विवाह दाखला, दोघांच्या सह्या असलेले अर्ज आणि परदेशी पासपोर्ट नसल्याचे निवेदन एवढे पाहिले गेले. आईवडील दोघांनीही सही केलेली असावी लागते, म्हणून जावयांनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. प्रत्येक मूळ कागदाच्या दोन झेरॉक्स आम्ही नेल्या होत्या आणि त्यातली एकही शिल्लक राहिली नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वाणिज्य दूतावासाचे जन्मप्रमाणपत्र आणि पाच वर्षांच्या मुदतीचा छोटा पासपोर्ट असे दोन्ही टपालाने आले. वर्ष पुरे व्हायला तेव्हा दोन महिने उरले होते. इंदूरमध्ये शाळेत किंवा आधारसाठी जन्माचा पुरावा विचारतील तेव्हा हे प्रमाणपत्र पुढे करायचे आहे. म्हणून ते आल्याबरोबर ईराचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि दोघांच्या नावांची स्पेलिंगे मी चष्मा लावून एकेक करून वाचली, आणि मगच लेकीने बारशाची तारीख कळवायला इंदूरला फोन केला.