सुझानाकडे कोण बघतंय?

शेवटच्या वर्षाच्या वर्गात त्या दिवशी दोन चित्रांच्या ए-थ्री प्रती वाटल्या. चित्रकाराचं नाव आणि साल पट्टीने झाकलेलं. विषय एकच, बायबलमधली सुझाना. ती बागेत आंघोळ करत असते, दोन वृद्ध न्यायाधीश चोरून बघतात आणि ‘ऐकलं नाहीस तर व्यभिचाराचा आळ घेऊ’ अशी धमकी देतात.

चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा. म्हाताऱ्यांच्या नजरेची रेष लाल, सुझानाच्या नजरेची निळी, आणि चित्रासमोर उभं राहून बघणाऱ्या आपली काळी. रेषा पुऱ्या होईपर्यंत मत मांडायचं नाही. तसं केलं नाही तर पहिल्याच मिनिटाला कुणीतरी ‘पुरुषी नजर’ म्हणतं आणि बघणं तिथेच थांबतं.

पहिलं चित्र तिंतोरेत्तोचं, साधारण 1555चं. निळी रेष आरशात शिरते. म्हणजे तिला कशाचाच पत्ता नाही. लाल रेषा निघतात कुंपणाच्या दोन टोकांकडून, वाकून, आडोशाने. काळी रेष मात्र बिनअडथळा थेट तिच्या उजळ अंगावर. चोर ते म्हातारे, पण सगळ्यात मोक्याची जागा आपली! शिवाय आरसा, मोती, फणी आहेतच. तीच स्वतःला न्याहाळते आहे म्हटल्यावर आपल्या बघण्याला आयतं निमित्त मिळतं.

दुसऱ्या चित्रात बाग नाही, आरसाही नाही. गार दगडी बाक आणि वरून तिच्यावर झुकलेले दोघे. एकाचं बोट ओठांवर. सुझानाचं अंग पिळवटलंय, हात त्यांना अडवायला उचललेत, मान दुसरीकडे वळलीय. निळी रेष ना म्हाताऱ्यांकडे जाते, ना आपल्याकडे.

पट्टी काढली : आर्तेमिसिया जेंतिलेस्की, 1610. एक विद्यार्थिनी लगेच म्हणाली, “मॅडम, हिच्यावर बलात्कार झाला होता ना? म्हणूनच असं काढलंय.” चूक नेमकी इथेच होते. तो बलात्कार 1611चा, खटला 1612चा. चित्रावरची तारीख त्याआधीची. आधीपासून त्रास होत असेल, असा तर्क करता येतो, पण चित्र त्याचा पुरावा नव्हे. आणि चरित्र पुढे आलं की पिळवटलेलं अंग, अडवणारे हात हे सतरा वर्षांच्या मुलीने विचारपूर्वक घेतलेले निर्णय आहेत, हे मागे पडतं. मला ते जास्त खटकतं.

मग मागच्या बाकावरच्या मुलाने आपला ट्रेसिंग पेपर वर धरला. “मॅडम, माझी काळी रेष इथेही मोकळीच आहे. उलट आपण जास्त जवळ आहोत.” बरोबर होतं. अंग उघडंच आहे, आणि आपल्यामध्ये कुंपणही नाही. बाईने काढलं म्हणून नजर नाहीशी होत नाही. फरक एवढाच, की तिंतोरेत्तोच्या चित्रात तिला ठाऊक नसल्यामुळे आपण निवांत बघतो. इथे बघायचं तर तिचा त्रासलेला चेहराही बघावाच लागतो.

वर्गात हे सगळ्यांना पटलं नाही. दोघींनी काळी रेष खोडून चेहऱ्यापाशी थांबवली. बाकीच्यांनी तशीच ठेवली.