अरबीतला एकटा लाम आणि त्याची चार कामं

अरबी लिपी तशी लवकर हाताखाली आली. खरा घाम काढला तो शब्दाच्या डोक्यावर येऊन चिकटणाऱ्या एकट्या लामने, म्हणजे 'ल' या अक्षराने.

मालकीचा लाम आपल्याला जड जात नाही. 'ली अखवान' म्हणजे 'मला दोन भाऊ'. 'बाळगणे' अशा अर्थाचं क्रियापद तिथेही लागत नाही. लक्षात ठेवायचं एवढंच की नामाआधी त्याला जेर, म्हणजे 'इ'ची खूण असते (लि), पण सर्वनामाआधी जबर, म्हणजे 'अ'ची खूण येते: लहू, लकुम. 'ली' तेवढा अपवाद.

ठासून सांगणाऱ्या लामलाही जबरच असतो, त्यामुळे नुसता जबर पाहून निकाल लावता येत नाही. मी वाक्याच्या सुरुवातीला 'इन्न' आहे का ते बघायला लागलो. कुराणातल्या १०३व्या सूरेत 'इन्नल्-इन्सान लफी खुस्र' आहे, म्हणजे 'माणूस खरोखर तोट्यातच आहे'. 'इन्न' आधीच जोर देतो आणि जोराचे दोन शब्द शेजारी नकोत, म्हणून लाम पुढे सरकून 'फी'ला चिकटतो. व्याकरणकार त्याला घसरवलेला लाम म्हणतात.

उद्देश आणि हुकूम यांनी मात्र दमवलं. दोन्ही लाम चालू काळाच्या क्रियापदाआधी येतात आणि दोघांनाही जेर. फरक पडतो शेवटच्या अक्षरात. 'यक्तुबु' म्हणजे तो लिहितो. उद्देश असेल तर शेवटी जबर येऊन 'लियक्तुब', त्याने लिहावं म्हणून. हुकूम असेल तर जज्म, म्हणजे शेवटी स्वरच नाही: 'लियक्तुब्', त्याने लिहावं. वर्तमानपत्रात जबर-जेर छापतच नाहीत, तेव्हा दोन्ही सारखेच दिसतात. मग मागे बघायचं. आधी पूर्ण क्रिया सांगून झाली असेल ('तो कचेरीत गेला') तर बहुधा उद्देश. वाक्यच लामने सुरू होत असेल, किंवा आधी 'आणि' अर्थाचा 'व' वा 'मग' अर्थाचा 'फ' असेल, तर हुकुमाचा संशय घ्यायचा. 'व'नंतर हुकुमाच्या लामचा जेर सहसा गळतो: वल्यक्तुब्.

अनेकवचनात हीही सोय जाते. 'यक्तुबून'मधला नून दोन्हीकडे पडतो आणि 'लियक्तुबू' एवढंच उरतं. जबर-जेर लावले तरी भेद कळत नाही.

याचा सगळ्यात सुंदर नमुना मला २९व्या सूरेच्या ६६व्या आयतीत भेटला. तिथे देवाने वाचवून किनाऱ्याला लावल्यावर पुन्हा त्यालाच विसरणाऱ्या लोकांबद्दल एक शब्द आहे. कुराण वाचायच्या परंपरांपैकी हफ्सच्या पाठात तो 'व लियतमत्तऊ' असा जेर लावून वाचतात, म्हणजे 'मजा मारावी म्हणून' हा अर्थ खुला राहतो. इतर काही पाठांत तोच 'वल्यतमत्तऊ'. तिथे हुकूमच, आणि तोही धमकीचा: मारू देत मजा! लगेच पुढे येतं, 'लवकरच कळेल त्यांना'.