एक पेनिसिलीन, चार रिॲक्शन

"मॅडम, हायपरसेन्सिटिव्हिटीच्या टाइप टू आणि टाइप थ्रीमध्ये दरवेळी गोंधळ होतो, आणि इम्युनोडेफिशियन्सीची नावं तर व्हायव्हात आठवतच नाहीत. तुम्ही कसं लक्षात ठेवलंत?"

दुसऱ्या वर्षाला असताना मीही तक्ताच पाठ केला होता. व्हायव्हात परीक्षकांनी विचारलं, "पेनिसिलीनची रिॲक्शन कोणत्या टाइपची?" मी म्हटलं, टाइप वन. ते म्हणाले, "आणखी?" मी गप्प बसले. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की पेनिसिलीन चारही प्रकार घडवू शकतं. तेव्हापासून चारही गट मी या एकाच औषधाला बांधून ठेवले आहेत.

पेनिसिलीनचा रेणू लहान असतो. एकट्याने तो प्रतिकारशक्तीला जागं करत नाही, त्याला शरीरातल्या एखाद्या प्रथिनाला चिकटावं लागतं. म्हणून प्रत्येक वेळी दोनच गोष्टी विचारायच्या: अँटीजेन कुठे आहे, आणि त्रास किती वेळाने सुरू झाला?

इंजेक्शननंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, बीपी उतरलं, तर आधीपासून मास्ट सेलवर बसलेल्या आयजीईने काम केलं. हा टाइप वन. इथे कुणाचा गोंधळ होत नाही.

मोठ्या मात्रेत शिरेतून आठवडाभर पेनिसिलीन चाललं आणि हिमोग्लोबिन उतरू लागलं, तर औषध तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर चिकटलं आहे. आयजीजी तिथेच जाऊन बसतं आणि प्लीहा त्या पेशी गिळते. अँटीजेन पेशीला धरून आहे, म्हणून टाइप टू. डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह येते. ही चार गटांची मांडणी 1963 साली जेल आणि कूम्ब्स यांनी केली, आणि टेस्टमधले कूम्ब्सही तेच.

आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, पुरळ आणि सुजलेल्या गाठी दिसल्या, तर अँटीजेन रक्तात मोकळं फिरत होतं. अँटीबॉडीसोबत त्याची जाळी झाली आणि ती रक्तवाहिन्यांत, सांध्यांत अडकली. हा टाइप थ्री. त्या जाळ्यांनी कॉम्प्लिमेंट खर्च होतं, म्हणून सी-थ्री कमी होऊ शकतं.

टाइप टू आणि थ्रीचा गोंधळ खरा मिटतो तो मूत्रपिंडात. गुडपाश्चरमध्ये अँटीबॉडी थेट बेसमेंट मेम्ब्रेनवरच बसते, म्हणून इम्युनोफ्लुरोसन्समध्ये सलग रेषा दिसते. स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाच्या संसर्गानंतर होणाऱ्या नेफ्रायटिसमध्ये कॉम्प्लेक्सचे गोळे इथेतिथे साचतात, म्हणून ठिपके. रेष म्हणजे टू, ठिपके म्हणजे थ्री. एवढं चित्र वहीत स्वतःच्या हाताने काढा.

राहिला टाइप फोर. पेनिसिलीन सतत हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांवर दोन-तीन दिवसांनी एक्झिमा उठतो. इथे अँटीबॉडीचा संबंध नाही, टी सेल आहेत. मॅन्टू टेस्ट 48 ते 72 तासांनी वाचतात त्याचं कारण हेच.

इम्युनोडेफिशियन्सीसाठी मी नावांऐवजी बाळापासून सुरुवात करते. आपल्याकडे जन्मानंतर लगेच बीसीजी देतात, आणि ती जिवंत लस आहे. दोन बाळं डोळ्यांसमोर आणा.

पहिला आठ महिन्यांचा मुलगा. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ठणठणीत, मग कान वाहणं आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा. टॉन्सिल जवळजवळ दिसत नाहीत, बीसीजीचा व्रण मात्र नीट भरलेला. आईकडून आलेलं आयजीजी संपेपर्यंत तो सुरक्षित होता, टी सेलही चांगल्या आहेत, फक्त बी सेल नाहीत. हा ब्रुटन.

दुसरं बाळ तीन महिन्यांचं. तोंडातला थ्रश हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही, बीसीजीची जागा चिघळली आहे आणि एक्स-रेमध्ये थायमसची सावली नाही. आईचं आयजीजी अजून आहे, तरी बाळ आजारी, कारण बुरशी आणि क्षयाच्या जातीचे जंतू रोखायला टी सेल लागतात. हे स्किड. नुसती काखेतली गाठ पाहून मात्र ठरवू नका, बीसीजीनंतर ती निरोगी बाळातही येते.

बाकीचे दोन गटही जंतूच सांगतो. स्टॅफिलोकॉकसचे गळू आणि ॲस्परजिलस वारंवार झाले, तर फॅगोसाइट जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. ही क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, आणि बीसीजी इथेही त्रास देऊ शकते. मेनिन्गोकॉकस पुन्हा पुन्हा झाला, तर कॉम्प्लिमेंटचे सी-फाइव्ह ते सी-नाइन तपासा.

आता व्हायव्हातला जोडप्रश्न. त्या दुसऱ्या बाळाची मॅन्टू काय येईल? निगेटिव्ह, क्षयाचा संसर्ग असला तरीही. टाइप फोर करायला टी सेलच नाहीत.