आबांना चक्कर येते म्हणून इंदूरला डॉक्टरांना दाखवून आलो, पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी नीट वाचा

सगळ्यांना एकदम लिहिते, फोनवर प्रत्येकाला सांगत बसणं होत नाहीये. देवासहून सकाळी लवकर निघालो म्हणून बरं, नाहीतर विजयनगर चौकापासून पलासियापर्यंत गाडी नुसती रांगत जाते. दवाखाना गीता भवनजवळ आहे, समोर गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे आबांना दारात उतरवून दादा गाडी घेऊन पुढे गेला आणि आत मी आणि वहिनी. म्हणजे दोघं तरी लागतातच, एकट्याने जाऊ नका.

ग्रुपवर आधी ठरत होतं की गाडी दादाची, सुट्टी दादाला, तर तोच नेईल. पण डॉक्टरांनी विचारलं काय? चक्कर कधी येते, उठल्यावर की चालताना, रात्री किती वेळा बाथरूमला जातात, कुठली गोळी किती वाजता. आबा म्हणाले "मला काही नाही, वय झालं". वहिनीने सांगितलं की रात्री दोनच्या सुमारास पलंगावरून उठले की भिंत धरतात, आणि बसून राहिले तर दोन मिनिटांत बरं वाटतं. हे रात्री उठणाऱ्या माणसालाच माहीत असतं ना.

मग डॉक्टरांनी पाच मिनिटं झोपवून बीपी घेतलं, १४२/८०. उभं करून एक मिनिटाने आणि परत तीन मिनिटांनी, तर ११४/७०. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्यावर बीपी पडतंय असं धरतात. बसवून घेतलेल्या बीपीत हे दिसेलच असं नाही, म्हणून इतके दिवस सगळं नॉर्मल येत होतं.

वहिनीने डबाच नेला होता, सगळ्या स्ट्रिप्ससकट. त्यात प्रोस्टेटची टॅमसुलोसिन निघाली, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, तिनेही बीपी उतरू शकतं, आणि बीपीची गोळी पण रात्रीच. बीपीची आता सकाळी केलीय, प्रोस्टेटचं त्या डॉक्टरांना विचारायचंय, तोपर्यंत कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. तोवर रोज सकाळी झोपून आणि उभं राहून बीपी लिहायचं, राजू तू जवळ उभा राहा, चक्कर आली तर लगेच बसव, आकडा राहू दे. रात्री पाय खाली सोडून जरा वेळ बसायचं, मगच उठायचं, आबा ऐकत नाहीत पण सांगत राहा.

माझं म्हणणं, आत वहिनीच हवी, गाडी राजू चालवेल, आणि त्या दिवशी घरचा स्वयंपाक दादाने बघायचा, कारण ती आधीच रात्र-रात्र जागतेय. वहिनी तुला शनिवार जमतोय का तेवढं कळव, मी नंबर लावून टाकते.