‘मानवलिखित’ या एका शब्दाची तपासणी

आमचे न्यूजलेटर दर शनिवारी सकाळी सहा वाजता वाचकांच्या मेलमध्ये जाते. पाणी, शेती आणि गावगाडा हे त्याचे विषय आहेत आणि संपादनाचे काम मी व एक तरुण सहकारी असे दोघेच पाहतो. एआयने लिहिलेला मजकूर सगळीकडे दिसू लागला, तेव्हा आम्ही प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘मानवलिखित’ असा शिक्का छापायला सुरुवात केली होती. त्यामागे फारसा विचार नव्हता. लेखक आपल्या ओळखीचे आहेत, त्यांचा शब्द पुरेसा आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

एका शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास एका जुन्या वाचकाचे पत्र आले. त्या दिवशीच्या अंकात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांचा लेख होता. पांझरा नदीवरची फड ही सामुदायिक सिंचनाची पद्धत कशी चालते, बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्याखालचे क्षेत्र म्हणजे थळ, त्या थळाचे फड कसे पाडतात, कोणत्या फडात या वर्षी कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून कसे ठरवतात, आणि पाटकरी, जागल्या, हवालदार यांची कामे काय, असा तो लेख होता. वाचकांनी पत्रासोबत मजकूर एआयचा आहे की माणसाचा हे सांगणाऱ्या एका डिटेक्टरचा स्क्रीनशॉट जोडला होता आणि त्यावर ‘९२ टक्के एआय’ असा निर्वाळा होता. खाली त्यांनी एकच वाक्य लिहिले होते : ‘शिक्का काढा, किंवा पुरावा द्या.’

माझ्याकडे पुरावा नव्हता. शिक्का मारण्यापूर्वी आम्ही लेखकाला काय विचारले होते, हे आठवून पाहिले तर ‘लेख कधी पाठवता?’ एवढेच विचारले होते.

प्रथम मी तो स्क्रीनशॉट नीट पाहिला. डिटेक्टरच्या चौकटीतला मजकूर इंग्रजीत होता. वाचकांना फोन केला तेव्हा कळले की त्या डिटेक्टरला मराठी चालत नव्हती, म्हणून त्यांनी लेख भाषांतराच्या साधनातून इंग्रजीत आणून तिथे चिकटवला होता. म्हणजे तपासली गेली ती वाक्यरचना आमच्या लेखकाची नव्हतीच, ती भाषांतर करणाऱ्या यंत्राची होती. खात्री करण्यासाठी मी आमच्या २००९ सालच्या दिवाळी अंकातला माझाच एक लेख त्याच वाटेने पाठवला, आणि तोही बहुतांशी यंत्राने लिहिलेला ठरला. त्या वर्षी असा लेख लिहून देणारे यंत्र कुणाच्या घरी नव्हते.

भाषांतराची अडचण नसती तरी या आकड्यावर मी विसंबलो नसतो. अशी साधने सर्वसाधारणपणे मजकुरातला पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, याच्या जवळपासचे काहीतरी मोजतात. ज्या माणसाने तीस वर्षे खात्याचे अहवाल लिहिले, त्याच्या लेखणीला ‘सदर’, ‘त्याअनुषंगाने’, ‘निदर्शनास आले’ असे ठरलेले शब्द ठरलेल्या जागी लिहिण्याची सवय लागलेली असते, आणि अपेक्षित शब्दांचे गद्य या मोजपट्टीवर यंत्राच्या गद्यासारखेच दिसते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ परीक्षा-निबंध सात डिटेक्टरना दिले, तेव्हा सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. ओपनएआय या कंपनीने स्वतः काढलेला डिटेक्टर तिच्याच चाचणीत यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत होता, माणसाच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा आळ घेत होता, आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत तो बंद करण्यात आला. तयार मजकुराकडे पाहून तो कुणी लिहिला हे ठरवता येत नाही, असे माझे मत तोवर पक्के झाले होते, आणि वाचकांना तसे उत्तर पाठवून विषय मिटवण्याच्या बेतात मी होतो.

पण वाचकांनी पुरावा मागितला होता, आणि त्यांची पद्धत चुकली म्हणून आमचा पुरावा तयार होत नव्हता. मी लेखकांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, मी वहीतच लिहितो. नात टाइप करून देते. वही आहे ना घरात, फोटो पाठवू का?” तासाभरात चौदा पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले.

हस्ताक्षर हा स्वतःहून पुरावा नसतो, कारण पडद्यावरचा मजकूर पाहून कुणीही वहीत उतरवू शकतो. मात्र उतरवलेल्या वहीत चुका होतात त्या वेगळ्या : एखादे अक्षर सुटते, एखादी ओळ दोनदा येते. विचार करत लिहिलेल्या वहीत खोडण्याचे कारण दिसते. इथे पाचव्या पानावर आधी ‘राखणदार’ लिहून मग ते खोडून ‘जागल्या’ केले होते. पाणीवाटपाचा परिच्छेद आधी शेवटी होता, तो बाणाने वर ओढला होता. एका चारीची लांबी दोनदा बदलून शेवटी पूर्णच काढून टाकली होती. मी त्याबद्दल विचारले तेव्हा ते लगेच म्हणाले, “नकाशातली आणि जागेवरची लांबी जुळेना, म्हणून ती गाळली.” लेखात नसलेल्या गोष्टीचे कारण ज्याला सांगता येते, त्याने तो लेख घडवला आहे, असे मानायला मला अडचण वाटली नाही.

दुपारी माझ्या सहकाऱ्याने वही आणि छापलेला लेख समोरासमोर ठेवून ओळ न् ओळ वाचली. पहिला परिच्छेद वहीत नव्हता. छापलेल्या लेखाची सुरुवात अशी होती : ‘पाणी हे केवळ नैसर्गिक संसाधन नाही, तर समाजाला एकत्र बांधणारा दुवा आहे.’ वहीची सुरुवात अशी होती : ‘पावसाळा सरला की कालव्यातला गाळ काढायला सगळे थळ जमे, आणि ज्याच्या घरून माणूस येत नसे त्याचे नाव हवालदार लिहून ठेवी.’

मी पुन्हा फोन केला. या वेळी नातीने घेतला. ती काहीही न लपवता म्हणाली, “हो काका, सुरुवात एकदम मध्येच होतेय असं वाटलं, म्हणून मी एआयला फक्त पहिला पॅरा नीट करायला सांगितला. बाकी सगळं आजोबांचंच आहे. चालत नाही का?” चालते की नाही, हे आम्ही तिला कधी सांगितलेलेच नव्हते. वाचकांची चाचणी पूर्ण चुकीची होती, तरी आमचा शिक्का त्या चार वाक्यांपुरता खोटा होता, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना कळवणे मला भाग होते.

संध्याकाळी आम्ही दोघे शिक्क्याचे काय करायचे यावर बसलो. सहकाऱ्याचा आग्रह डिजिटल सहीचा होता. प्रत्येक लेखाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, अंकासोबत प्रसिद्ध करावा आणि त्यावर आपली सही असावी, असे तो म्हणाला. ते जरूर करावे, कारण मजकुरात नंतर एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा जुळत नाही, आणि आम्ही गुपचूप दुरुस्ती केली तर कुणालाही ती पकडता येते. पण यंत्राने लिहिलेल्या परिच्छेदावरही तीच सही तितकीच वैध उमटते. छायाचित्रांचा उगम नोंदवणाऱ्या सीटूपीए या मानकाचीही मर्यादा हीच आहे : कुणी सही केली आणि नंतर काय बदलले हे त्यातून कळते, आणि कॅमेऱ्यानेच सही केली असेल तर उगमाला थोडाफार आधारही मिळतो. लेखाला कॅमेरा नसतो. टायपिंगचा इतिहास साठवणारी साधने त्याच्या जवळ जातात, पण समोर मजकूर ठेवून सावकाश टाइप करणाऱ्याला ती अडवू शकत नाहीत, आणि वहीत लिहिणाऱ्या किंवा बोलून लिहून घेणाऱ्या लेखकाकडे तो इतिहास असणारच नाही.

अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्डने २०२५ च्या जानेवारीत ‘ह्यूमन ऑथर्ड’ हे चिन्ह सुरू केले. तिथे लेखक स्वतः प्रतिज्ञापूर्वक सांगतो, पुस्तकाची नोंद सर्वांना पाहता येते, शुद्धलेखन-व्याकरण तपासण्याइतकी यंत्राची मदत चालते, आणि चिन्ह नोंदणीकृत असल्यामुळे त्याचा गैरवापर झाल्यास कायद्याने हटकता येते. तोही मुळात शब्दच आहे, पण त्या शब्दाला काय अभिप्रेत आहे हे लिहून ठेवलेले आहे आणि तो मोडल्यास काहीतरी घडते. आमच्या शिक्क्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने उलट बाजू धरली आहे : सार्वजनिक हिताच्या विषयावर यंत्राने लिहिलेला मजकूर छापला तर तसे सांगावे, मात्र माणसाने तो तपासला असेल आणि संपादकीय जबाबदारी कुणी घेतली असेल तर सूट. ती सूट मला एका छोट्या न्यूजलेटरसाठी पुरेशी वाटत नाही. जबाबदारी मी घेतोच, पण फडाबद्दल लिहिणाऱ्याने फड पाहिला आहे की नाही, हे वाचकाला माझ्या जबाबदारीतून कळत नाही.

म्हणून आम्ही ‘मानवलिखित’ हा शब्द काढून टाकला आणि त्याच्या जागी प्रत्येक लेखाखाली वाक्ये लिहायचे ठरवले, ज्यांत आम्ही स्वतः जे पाहिले तेवढेच असेल. लेख स्वीकारतानाच आता तीन प्रश्न विचारले जातात : पहिला खर्डा कशात झाला, तो कुणाकुणाच्या हातून गेला, आणि कुठल्या टप्प्यावर कोणते साधन वापरले. खर्डा असेल तर त्याची प्रत आम्ही दोन वर्षे जपून ठेवतो आणि वाचकाने मागितल्यास लेखकाच्या संमतीने दाखवतो. खर्डा नसेल तर फोनवर अर्धा तास बोलतो आणि ‘संभाषणावरून खात्री केली’ असे लिहितो. आमचे एक लेखक दृष्टिहीन आहेत आणि सगळे बोलून लिहितात. खर्डा नाही म्हणून त्यांचे लेखन संशयास्पद ठरावे, अशी व्यवस्था मला नको होती. ज्याला यातले काही सांगायचे नसेल, त्याच्या लेखाखाली काहीच छापले जात नाही, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा नाही हेही आम्ही अंकात स्पष्ट केले आहे. हे सगळे आठवड्याला दोन लेख असल्यामुळे जमते. रोज पन्नास बातम्या काढणाऱ्या दैनिकाला प्रत्येक मजकुरासाठी एवढा वेळ देता येणार नाही, आणि त्यांनी सरसकट ‘मानवलिखित’ छापले तर मी त्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

रात्री लेखकांना सगळे सांगितले. नातीला काही बोलू नका, असे मी आधी म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तिचं काय चुकलं? वहीतली सुरुवात मलाही जरा खेडवळच वाटली होती.” वहीतलीच सुरुवात परत घेऊया का, असे विचारल्यावर त्यांनी होकार दिला, फक्त ‘हवालदार’ म्हणजे पोलीस नव्हे, फडावरचा माणूस, अशी एक तळटीप घालायला सांगितली.

रविवारी सकाळी दुरुस्त लेख आणि खुलासा पुन्हा सर्व वाचकांना गेला. लेखाखाली आता असे छापले आहे : ‘लेखकाने वहीत लिहिले, नातीने टाइप केले. १४ पानांचा हस्तलिखित खर्डा संपादकांनी छापील मजकुराशी ताडून पाहिला. आधीच्या आवृत्तीतील पहिला परिच्छेद एआयच्या साहाय्याने लिहिलेला होता, तो काढून मूळ परिच्छेद घेतला आहे.’