जत्रेचा फलक आणि दोन मित्रांची तपासणी: माझा अनुभव

2025 साली आमच्या गावची जत्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे शनिवार, 12 एप्रिलला होती आणि एसटी फाट्यावर लावायच्या सहा फूट बाय चार फुटांच्या फ्लेक्सचा आराखडा माझ्याकडे होता. छपाईला देण्यापूर्वी मी त्याची ए4 कागदावर प्रत काढली आणि महादू व विलास या मित्रांना दाखवली. महादू स्पष्टवक्ता आहे, तर विलास मऊ शब्दांत बोलणारा.

महादूने कागद भिंतीला चिकटवला आणि तो मोजून साडेसहा फूट मागे सरकला. फ्लेक्स या कागदाच्या सुमारे सहापट मोठा असल्यामुळे तेवढ्या अंतरावरून कागद जसा दिसेल, तसाच फ्लेक्स रस्त्यापलीकडून, चाळीस फुटांवरून दिसणार होता.

"मला फक्त बावीस चेहरे दिसतात. कुस्त्या कधी आहेत, ते वाचताच येत नाही," तो म्हणाला.

"देणगीदारांचे फोटो काढले तर माणसे दुखावतील रे," विलास म्हणाला. "फोटोंचा वेगळा फ्लेक्स देवळाजवळ लावू आणि इथे खाली नावांची एक ओळ ठेवू. तिथे लोक थांबून बघतील."

वेळेची अक्षरे मी दीड इंचाची ठेवली होती. दहा फुटांमागे एक इंच हा ढोबळ हिशेब धरला तर चाळीस फुटांसाठी ती चार इंचांची हवीत. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जात असल्यामुळे अक्षरे वाढवताना ओळींमधली जागाही वाढवावी लागली, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडत होता. फोटो गेले नसते, तर ही जागा मिळालीच नसती.

खरी अडचण मात्र विलासच्या लक्षात आली. "छबिना 'दि. 12, रात्री 12.30' असा लिहिला आहेस. पाहुण्यांनी नेमके कोणत्या रात्री यायचे?"

"शनिवारी रात्री. गावात सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणालो.

"गावासाठी फाट्यावर फलक लावतोस का?" महादूने विचारले. "रात्री बारानंतर तारीख 13 होते. तारीख पाहणारा माणूस शुक्रवारी रात्रीच येऊन बसेल आणि मोकळा परत जाईल."

विलास म्हणाला, "आकडा पुसू नको. 'शनिवारी मध्यरात्री 12.30, रविवार उजाडण्यापूर्वी' असे लिही. म्हातारी माणसे वार धरून चालतात."

मी तसेच लिहिले, तिथी, तारीख आणि वार एकाच ओळीत आणले आणि नवी प्रत पुन्हा भिंतीला लावली. या वेळी महादूने साडेसहा फुटांवरून पालखी, छबिना आणि कुस्त्या यांच्या वेळा न अडखळता वाचल्या.

"आता छापायला दे," तो म्हणाला. विलासने देणगीदारांच्या नावांवरून एकदा बोट फिरवले आणि एका आडनावातली चुकलेली वेलांटी मला दाखवली.